कंपनीच्या वर्णनातून व्यूहरचना ओळखताना

सीए, सीएस, एमबीए यांसारख्या अभ्यासक्रमांतील व्यूहरचनात्मक व्यवस्थापनाच्या प्रश्नपत्रिकांत एका विशिष्ट प्रकारचा प्रश्न वारंवार येतो. त्यात एका कंपनीची परिस्थिती आठ-दहा ओळींत वर्णन केलेली असते, कंपनीने उचललेली दोन-तीन पावले सांगितलेली असतात आणि तिने कोणती व्यूहरचना स्वीकारली आहे हे सकारण सांगण्यास विचारलेले असते. अमेरिकन अभ्यासक विल्यम ग्लूक यांच्या वर्गीकरणानुसार कंपनीच्या पातळीवरील व्यूहरचना चार प्रकारच्या असतात: स्थैर्य, विस्तार, आकुंचन आणि या तिन्हींच्या मिश्रणातून होणारी संमिश्र व्यूहरचना. भारतीय पाठ्यपुस्तकांत टर्नअराउंड, म्हणजे तोट्यात गेलेल्या व्यवसायाला पुन्हा नफ्याच्या वाटेवर आणण्याची व्यूहरचना, ही स्वतंत्र पाचवी न मानता आकुंचनाची शाखा मानली जाते. व्यवसायाचा एखादा भाग विकून टाकणे, म्हणजे निर्गुंतवणूक, आणि सर्व मालमत्ता विकून कंपनीच बंद करणे, म्हणजे समापन, या आकुंचनाच्या उरलेल्या दोन शाखा होत. व्याख्या पाठ असूनही या प्रश्नात गुण जातात, कारण विक्री वाढली की विस्तार आणि घटली की आकुंचन असा सोपा ठोकताळा लावला जातो, आणि प्रश्न तयार करणारा परीक्षक नेमका हाच ठोकताळा चुकेल अशी मांडणी करतो.

या ठोकताळ्याऐवजी व्यवसायाची व्याप्ती पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते. डेरेक एबेल यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात कोणत्याही व्यवसायाची व्याख्या तीन मितींवर करता येते असे दाखवले: कंपनी कोणत्या ग्राहकगटासाठी काम करते, त्या ग्राहकाची कोणती गरज भागवते आणि ती कोणत्या तंत्राने भागवते. या तिन्ही मिती जिथल्या तिथे राहिल्या आणि सुधारणा थोड्याथोडक्या झाल्या, तर ते स्थैर्य होय. यांपैकी एक वा अधिक मितींवर व्याप्ती ठळकपणे वाढली, किंवा मिती त्याच ठेवून कंपनीने उद्दिष्टच पूर्वीपेक्षा लक्षणीय मोठे ठरवले, तर तो विस्तार होय; आणि एखाद्या मितीवरून कंपनी मागे सरली किंवा तिने आपल्या कामाचा पसारा हेतुपूर्वक कमी केला, तर ते आकुंचन होय. त्यामुळे वर्षाला सात टक्के वाढणाऱ्या बाजारात तेवढ्याच टक्क्यांनी विक्री वाढवणारी, तेच उत्पादन त्याच ग्राहकाला विकणारी आणि यंत्रसामग्री वेळच्या वेळी बदलणारी कंपनी विस्तारात नसून स्थैर्यात असते, जरी तिचे आकडे दरवर्षी चढते दिसत असले तरी.

स्थैर्याविषयी आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्थैर्य म्हणजे निष्क्रियता, असे उत्तरपत्रिकांतून वारंवार लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. मोठी खरेदी नुकतीच पचवलेली कंपनी पुढची झेप घेण्यापूर्वी एक-दोन वर्षे थांबते, तेव्हा त्यास विराम म्हणतात, आणि प्रश्नात ‘एकत्रीकरण पूर्ण होईपर्यंत नवा प्रकल्प हाती घ्यायचा नाही’ अशा अर्थाचे वाक्य आले की ते या विरामाचेच लक्षण असते. धोका मात्र एका उपप्रकारात असतो. काही कंपन्या बाजार आक्रसत असताना जाहिरात, संशोधन आणि देखभाल यांवरचा खर्च पुढे ढकलून नफा तात्पुरता टिकवतात. पाठ्यपुस्तके यास नफाकेंद्रित स्थैर्य म्हणतात, पण हा मार्ग तीन-चार वर्षे चालू राहिला तर पुढचा प्रश्न टर्नअराउंडचाच असतो.

विस्ताराची ओळख तुलनेने सोपी असल्यामुळे तिच्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. नवे उत्पादन, नवी बाजारपेठ, पुरवठादाराची वा वितरकाची खरेदी, स्पर्धक कंपनीचे विलीनीकरण, पूर्णपणे वेगळ्या उद्योगात प्रवेश या सर्व विस्ताराच्या वाटा आहेत आणि प्रश्नात त्या बहुधा उघडपणे नमूद केलेल्या असतात. लक्षात ठेवण्याजोगी बाब एकच की विलीनीकरणानंतर दुहेरी झालेली कार्यालये बंद केली जातात आणि नोकऱ्याही कमी होतात, पण म्हणून ते आकुंचन ठरत नाही. मनुष्यबळातील कपात हे साधन आहे, आणि कोणत्या हेतूने ते वापरले गेले यावरच व्यूहरचनेचे नाव ठरते.

खरी अडचण आकुंचनात येते, कारण आकुंचन म्हणजे आजारी कंपनीचा उपाय अशी समजूत रूढ आहे. पुण्याच्या बजाज ऑटोने २००९ मध्ये स्कूटरचे उत्पादन पूर्णपणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा कंपनी संकटात नव्हती. मोटरसायकलींच्या बाजारात तिचे स्थान भक्कम होते आणि तिला आपली सर्व शक्ती तिथेच लावायची होती. स्कूटर या उत्पादनापुरते पाहिले तर हे आकुंचन होते, आणि संपूर्ण कंपनीच्या पातळीवर पाहिले तर मोटरसायकलीतील विस्तारासाठी केलेली ती जागेची मोकळीक होती. तीच कंपनी २०२० मध्ये विजेवर चालणारी चेतक घेऊन स्कूटरमध्ये परतली, तेव्हा तंत्राच्या मितीवर तिने विस्तार केला. टाटा समूहाने १९९८ मध्ये लॅक्मेचा सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय हिंदुस्तान लीव्हरला विकला. ही निर्गुंतवणूकच होती, पण त्या पैशाच्या बळावर वेस्टसाइड ही दुकानांची साखळी चालवणारी ट्रेंट ही कंपनी उभी राहिली. अशा उदाहरणांत प्रश्न कोणत्या पातळीविषयी विचारला आहे हे ठरवल्याशिवाय उत्तराला हात घालू नये. उत्पादन, विभाग आणि संपूर्ण कंपनी या तीन पातळ्यांवर एकाच निर्णयाला तीन वेगळी नावे मिळू शकतात, आणि ती तिन्ही बरोबर असू शकतात.

आता टर्नअराउंड आणि निर्गुंतवणूक यांतील फरक, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. दोन्ही प्रसंगी प्रश्नातील लक्षणे सारखीच दिसतात: सलग काही वर्षे रोकड आत येण्यापेक्षा जास्त बाहेर जाते, बाजारातील वाटा घटतो, नफ्याचे प्रमाण उतरते, यंत्रे जुनाट होतात, कामापेक्षा माणसे जास्त असतात आणि चांगली माणसे सोडून जातात. ही लक्षणे आजार सांगतात, पण उपचार सांगत नाहीत. टर्नअराउंड शक्य आहे की नाही, हे तीन अटींवर अवलंबून असते: व्यवसायाचा गाभा अजून जगण्याजोगा असला पाहिजे, सुधारणा होईपर्यंतचा काळ पार करण्यापुरता पैसा मिळाला पाहिजे, आणि ते काम पेलणारी माणसे व व्यवस्था कंपनीत असल्या पाहिजेत किंवा बाहेरून आणता आल्या पाहिजेत. परीक्षक या तीन अटींविषयीचे पुरावे वर्णनात पेरून ठेवतो आणि वाचकाने ते वेचून काढावेत अशी त्याची अपेक्षा असते.

हे एका कल्पित प्रश्नावरून तपशिलाने पाहता येईल. कोल्हापूर परिसरातील एका कंपनीचे तीन विभाग आहेत असे समजू. शेतीपंपांची विक्री ५० कोटी रुपये आहे, घरगुती मिक्सरची २५ कोटी आणि वाहन कंपन्यांना पुरवल्या जाणाऱ्या ओतीव सुट्या भागांची १५ कोटी. पंप विभागाला ४ कोटींचा तोटा होतो, मिक्सर विभागालाही ४ कोटींचा होतो, आणि सुट्या भागांना २ कोटींचा नफा होतो; म्हणजे एकूण तोटा ६ कोटींचा आहे आणि तो सलग तिसऱ्या वर्षी झालेला आहे. पंपांचा बाजारातील वाटा १८ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आला असून गोदामात पाच महिन्यांचा माल पडून आहे. नव्या व्यवस्थापकीय संचालकांनी पंपांची मॉडेले ४२ वरून १५ वर आणली, बँकेने दोन वर्षांसाठी १० कोटींचे खेळते भांडवल मंजूर केले, आणि मिक्सर विभाग ८ कोटींना विकत घेण्याची एका स्पर्धकाची तयारी आहे. या कंपनीची व्यूहरचना कोणती, असा प्रश्न आहे.

‘तोटा आहे, म्हणून टर्नअराउंड’ एवढे लिहून थांबणारे उत्तर अर्धेच राहते. पंप आणि मिक्सर यांचा तोटा सारखाच, प्रत्येकी ४ कोटींचा, ठेवण्यात परीक्षकाचा हेतू आहे, कारण दोन्ही तोट्यांचे स्वरूप वेगळे आहे. पंपांच्या ५० कोटींच्या विक्रीत कच्चा माल, वीज, वाहतूक असे विक्रीबरोबर कमी-जास्त होणारे, म्हणजे बदलते खर्च ३६ कोटी आहेत असे मानल्यास १४ कोटी शिल्लक राहतात. या शिलकेस अंशदान म्हणतात, आणि ते विक्रीच्या २८ टक्के आहे. पगार, भाडे, घसारा, व्याज असे विक्री झाली किंवा न झाली तरी भरावेच लागणारे स्थिर खर्च १८ कोटी आहेत, म्हणून तोटा ४ कोटींचा होतो. नफाही नाही आणि तोटाही नाही अशी विक्रीची पातळी, म्हणजे ना-नफा-ना-तोटा बिंदू, १८ कोटींना ०.२८ ने भागून सुमारे ६४ कोटींवर येतो. आता स्थिर खर्च १३ कोटींवर आणता आला, तर हाच बिंदू सुमारे ४६ कोटींवर उतरतो, म्हणजे आजच्या विक्रीच्याही खाली. विक्री एक रुपयाने न वाढताही हा विभाग नफ्यात येऊ शकतो, आणि गाभा जिवंत असल्याचा याहून ठोस पुरावा क्वचितच मिळतो.

मिक्सरचे गणित मात्र वेगळे आहे. २५ कोटींच्या विक्रीत बदलते खर्चच २४ कोटी आहेत, अंशदान अवघे १ कोटी म्हणजे ४ टक्के आहे आणि स्थिर खर्च ५ कोटी आहेत. या प्रमाणात ना-नफा-ना-तोटा बिंदू गाठायचा तर विक्री १२५ कोटींवर, म्हणजे आजच्या पाचपट, न्यावी लागेल. बाजारातील मोठ्या नाममुद्रांशी किमतीत स्पर्धा करणाऱ्या छोट्या विभागाला ते शक्य नाही, आणि खर्च कापून ही दरी भरत नाही. म्हणून पंपांसाठी टर्नअराउंड, मिक्सरसाठी निर्गुंतवणूक आणि सुट्या भागांसाठी स्थैर्य असे तीन वेगळे निष्कर्ष निघतात, आणि संपूर्ण कंपनीच्या पातळीवर आकुंचन हे नाव योग्य ठरते.

या जागी एक सापळा आहे आणि तो प्रत्यक्षातील कंपन्यांनाही पकडतो. मिक्सर विभागाच्या ५ कोटींच्या स्थिर खर्चापैकी ३ कोटी मुख्य कार्यालयाच्या खर्चातील त्याचा वाटा असेल, तर विभाग विकल्यावर ते ३ कोटी नाहीसे होत नाहीत. ते उरलेल्या विभागांच्या अंगावर येतात. विकल्याने खरा वाचतो तो २ कोटींचा खर्च, आणि त्याच वेळी १ कोटीचे अंशदान हातचे जाते, म्हणजे वर्षाचा निव्वळ लाभ ४ कोटी नसून १ कोटीच आहे. ते ३ कोटी पंपांवर टाकले, तर पंपांचे स्थिर खर्च १३ वरून १६ कोटींवर जातात आणि ना-नफा-ना-तोटा बिंदू पुन्हा सुमारे ५७ कोटींवर चढतो, म्हणजे विक्रीच्या वर. त्यामुळे मुख्य कार्यालयातील खर्च त्याच मापाने कमी केल्याशिवाय ही निर्गुंतवणूक टर्नअराउंडला मदत करत नाही, उलट त्याच्यावर भार टाकते. विक्रीतून मिळणाऱ्या ८ कोटींचे काय करायचे, याचेही उत्तर याच हिशोबातून मिळते. ते कर्जफेडीत गेले तर व्याजाचा भार कमी होतो आणि पंपांना थोडी उसंत मिळते. ते चालू वर्षाचा तोटा भरण्यात गेले तर कंपनी पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी उभी असते.

प्रश्नातील एखादे वाक्य बदलले की उत्तर बदलते, आणि अशा बदलांचा सराव हा या विषयाचा उत्तम अभ्यास आहे. बँकेने १० कोटी नाकारले असे लिहिले असते, तर मधला काळ पार करण्याची अट मोडली असती, आणि मग चांगला चालणारा सुट्या भागांचा विभाग विकून पैसा उभा करणे किंवा पंप विभागच दुसऱ्याच्या हाती देणे भाग पडले असते. शेतकरी झपाट्याने सौरपंपांकडे वळत असून कंपनीचे एकही मॉडेल त्या कामाचे नाही असे लिहिले असते, तर खर्चकपातीने सुधारलेले गणित टिकले नसते, कारण ५० कोटींची विक्रीच पुढे राहिली नसती. पहिल्या प्रसंगी पैशाचा अडसर आहे, तर दुसऱ्या प्रसंगी गाभ्याचा. दोन्हींना टर्नअराउंड म्हणून मोकळे होणाऱ्याला हा फरक दिसलेला नसतो.

टर्नअराउंड प्रत्यक्षात कसे घडते, याचे महाराष्ट्राच्या अगदी जवळचे उदाहरण म्हणजे त्या वेळी टेल्को या नावाने ओळखली जाणारी आणि २००३ मध्ये टाटा मोटर्स झालेली कंपनी. मुख्यतः मालमोटारी बनवणाऱ्या या कंपनीने १९९८ च्या अखेरीस इंडिका ही भारतात घडवलेली प्रवासी मोटार पुण्याच्या कारखान्यातून बाजारात आणली, आणि तिच्यावर सुमारे १,७०० कोटी रुपये खर्च केले. ग्राहकगट आणि गरज या दोन्ही मितींवर हा विस्तार होता, कारण मुख्यतः मालवाहतूकदाराला ट्रक विकणारी कंपनी आता सर्वसामान्य कुटुंबाला मोटार विकू लागली होती. त्यानंतर लवकरच मालमोटारींची मागणी कोसळली. मालमोटार हे चढउताराचे उत्पादन असते. उद्योगाला मंदी आली की वाहतूकदार नवी गाडी घेणे लांबणीवर टाकतो, आणि मोठ्या कारखान्याचे स्थिर खर्च मात्र चालूच राहतात. २०००–०१ मध्ये कंपनीला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला.

या तोट्याचे निदान महत्त्वाचे होते. गाभा मेलेला नव्हता. मंदी सरली की मालमोटारींची मागणी परतणार होती आणि त्या बाजारात कंपनी आघाडीवर होती. ना-नफा-ना-तोटा बिंदू मात्र फार उंच चढलेला होता, म्हणजे मंदीच्या वर्षातही तग धरता येईल इतके तिचे खर्च कमी नव्हते. म्हणून पुनरुज्जीवनाची आखणी तीन टप्प्यांत झाली: आधी पैशाची गळती थांबवायची, मग देशातील स्थान पक्के करायचे, आणि त्यानंतर देशाबाहेर पाऊल टाकायचे. पहिल्या टप्प्यात सुट्या भागांच्या खरेदीपासून कर्जाच्या व्याजापर्यंत प्रत्येक खर्चाची छाननी झाली, आणि २००२–०३ मध्ये कंपनीने सुमारे ३०० कोटींचा नफा नोंदवला. लक्षणीय गोष्ट अशी की काटकसरीच्या याच वर्षांत छोट्या मालवाहू गाडीची, म्हणजे २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एसची, तयारीही चालू होती, आणि गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील गट त्यावर काम करत होता. खर्च कापताना उद्याचे उत्पादनही कापून टाकले असते, तर पहिला टप्पा यशस्वी होऊनही दुसरा टप्पा उभा राहिला नसता. टर्नअराउंडमधील कपात निवडक असावी लागते, आणि सरसकट दहा टक्के कपातीचा आदेश हे बहुधा निदान न झाल्याचे चिन्ह असते.

या कंपनीवर प्रश्न विचारला, तर उत्तर वर्षागणिक बदलेल. १९९८ चे वर्णन दिले तर विस्तार, २००१ चे दिले तर टर्नअराउंड, आणि २००४ मध्ये दक्षिण कोरियातील देवू कंपनीचा अवजड वाहनांचा व्यवसाय किंवा २००८ मध्ये सुमारे २३० कोटी डॉलरला जग्वार लँड रोव्हर घेतल्याचे वर्णन दिले तर पुन्हा विस्तार. संमिश्र हे उत्तर अशा ठिकाणी मोहात पाडते, पण निरनिराळ्या काळात घेतलेल्या निरनिराळ्या निर्णयांना संमिश्र म्हणायचे असेल, तर ते एका आखलेल्या क्रमाचे भाग होते हे वर्णनात दिसले पाहिजे. एकाच वेळी वेगवेगळ्या विभागांत वेगळे निर्णय झाले असतील, तर कोणत्या विभागात कोणता, हे लिहिले पाहिजे. तीन टप्प्यांची आखणी सांगितलेली असेल, तर टाटा मोटर्सच्या २००१ ते २००८ या कालखंडास क्रमाने घडलेली संमिश्र व्यूहरचना म्हणणे समर्थनीय आहे. केवळ एका वर्षाचा ताळेबंद समोर असेल, तर ते समर्थनीय नाही.

म्हणून उत्तर लिहिताना आधी पातळी आणि काळ ठरवावा, मग तिन्ही मितींवर व्याप्ती कोणत्या दिशेने सरकली हे वर्णनातील वाक्याच्या आधारे सांगावे, आणि आकुंचन निघाले तर गाभा, मधल्या काळाचा पैसा आणि माणसे यांविषयी प्रश्नात काय लिहिले आहे ते शोधून शाखेचे नाव द्यावे. यांपैकी एखाद्या बाबीविषयी वर्णन मूक असेल, तर आपण काय गृहीत धरले आहे ते एका वाक्यात नोंदवावे. गृहीतक नोंदवलेले आणि तर्काला धरून असलेले उत्तर परीक्षकाच्या मनातील नावापेक्षा वेगळे निघाले, तरी त्याला गुण देता येतात.